दुकानात गुंतलेला प्रत्येक रुपया

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ हरसूल हे बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या पाड्यांवर भात, नागली, वरई आणि खुरासणी पिकते. आठवड्याच्या बाजाराला माणसे डोंगर उतरून येतात, धान्य विकतात आणि मीठ, तेल, कापड, साबण घेऊन परततात. सुगी आटोपली की अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे जातात व उन्हाळ्यात घरी येतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या हाती पैसा नसतो, म्हणून आषाढ-श्रावणातील किराणा वहीवर लिहिला जातो आणि त्याची फेड पीक हाती आल्यावर होते. अशा गावात दुकान चालवणाऱ्याचा पैसा वर्षभर एकाच जागी नसतो. कधी तो पोत्यांत असतो, कधी वहीत, कधी गल्ल्यात. म्हणून या दुकानाला नफा किती झाला, एवढ्या प्रश्नाने काम भागत नाही. तो नफा किती पैसा गुंतवून झाला, हेही विचारावे लागते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मापाला हिशेबशास्त्रात ‘रिटर्न ऑन कॅपिटल एम्प्लॉइड’, म्हणजे गुंतलेल्या भांडवलावरील परतावा, असे म्हणतात. त्याचे सूत्र एका ओळीचे आहे. व्याज आणि आयकर वजा करण्यापूर्वीचा वर्षाचा नफा घ्यावा, त्याला धंद्यात गुंतलेल्या एकूण भांडवलाने भागावे आणि शंभराने गुणावे. सूत्र सोपे आहे, परंतु त्यात घालावयाचे दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढणे तितके सोपे नाही. हे स्पष्ट व्हावे म्हणून हरसूलसारख्या गावातील किराणा व भुसार मालाचे एक दुकान उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. दुकान आणि त्याचे आकडे कल्पिलेले आहेत, मात्र असा ताळेबंद अनेक पेढ्यांच्या कपाटात सापडेल.

दुकान दोन भावांचे आहे. वर्षाची विक्री १ कोटी २० लाख रुपये, आणि व्याज देऊन उरलेला नफा ४ लाख ७० हजार. भावांचे स्वतःचे भांडवल १७ लाख. थोरले बंधू म्हणतात, “आपल्या पैशावर साडेसत्तावीस टक्के सुटतात. बँकेत ठेवले असते तर सात टक्के तरी मिळाले असते का?” धाकट्या बंधूंचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. धंदा इतका चांगला चालत असेल, तर नाशिकचे राहते घर तारण ठेवून २० लाखांचे कर्ज काढावे, स्वतःचे गोदाम बांधावे आणि सुगीत भात भरून ठेवावे. घर वडिलांनी बांधलेले आहे आणि आई आजही तेथेच राहते. म्हणून साडेसत्तावीस टक्क्यांचा आकडा कितपत खरा आहे, याची तपासणी केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

प्रथम ताळेबंद पाहावा. ३१ मार्चला दुकान व त्यामागील कोठार ६ लाखांचे दाखवले आहे. पिकअप गाडी, वजनकाटा व फडताळे मिळून ४ लाख, शिल्लक माल १४ लाख, गिऱ्हाइकांकडील उधारी १६ लाख आणि रोख व बँकेतील शिल्लक २ लाख. एकूण मालमत्ता ४२ लाख. दुसऱ्या बाजूस घाऊक व्यापाऱ्यांचे देणे ७ लाख, बँकेचे कॅश क्रेडिट १० लाख, गाडीचे कर्ज ३ लाख, नातेवाइकांच्या ठेवी ५ लाख आणि स्वतःचे भांडवल १७ लाख.

यांपैकी गुंतलेले भांडवल कोणते? घाऊक व्यापाऱ्याने महिनाभराच्या उधारीवर दिलेल्या मालावर व्याज नसते, म्हणून ते ७ लाख वजा होतात. उरलेले ३५ लाख मात्र कोणाचे तरी व्याज किंवा नफा मागणारे पैसे आहेत. येथे एक चूक वारंवार होते. पाठ्यपुस्तकात ‘एकूण मालमत्ता वजा चालू देणी’ असे सूत्र दिलेले असते, आणि कॅश क्रेडिट मागणी होताच फेडावयाचे असल्यामुळे ताळेबंदात ते चालू देण्यांत बसते. सूत्र अक्षरशः लावले तर हे १० लाखही वजा होतात, भांडवल २५ लाखांवर येते आणि परतावा फुगतो. परंतु दरवर्षी नूतनीकरण होणारे आणि कधीच शून्यावर न येणारे कॅश क्रेडिट हे व्यवहारात कायमचे भांडवलच असते. ते धरलेच पाहिजे.

आता अंशस्थानचा आकडा. वर्षात बँकेला व नातेवाइकांना मिळून २ लाख ३० हजार रुपये व्याज गेले. ते नफ्यात परत मिळवले की ७ लाख होतात. व्याज परत मिळवण्याचे कारण साधे आहे. भाजक म्हणून सर्वांचा पैसा घेतला आहे, तेव्हा त्या सर्वांच्या पैशाने मिळून जे कमावले ते वर घ्यावे लागते. त्यातून बँकेला किती आणि मालकाला किती, हा नंतरच्या वाटणीचा प्रश्न झाला. ७ लाखांना ३५ लाखांनी भागले की परतावा २० टक्के येतो. साडेसत्तावीस नव्हे, तरीही चांगला. येथेच थांबावे असा मोह होतो, परंतु कौटुंबिक दुकानाच्या हिशेबात तीन गोष्टी सहसा झाकलेल्या असतात.

पहिली गोष्ट मालकांचे श्रम. दोघे बंधू सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात उभे असतात आणि पगार घेत नाहीत. घरखर्चाची उचल भांडवलातून वजा होते, खर्चात येत नाही. हेच काम करण्यासाठी दोन भरवशाची माणसे ठेवली असती, तर प्रत्येकी महिना १२,५०० रुपयांनी वर्षाला ३ लाख गेले असते. ही भांडवलाची नव्हे, तर कष्टाची कमाई आहे. ती वेगळी काढली की नफा ४ लाख उरतो.

दुसरी गोष्ट जागा. दुकान व कोठार पुस्तकात ६ लाखांचे आहे, कारण ते जुन्या किमतीला घेतलेले असून त्यावर वर्षानुवर्षे घसारा काढलेला आहे. आज विकले तर १६ लाख येतील असे मानावे. हे १० लाख पुस्तकात दिसत नसले तरी दुकानात गुंतलेले आहेत, कारण जागा विकून ते मोकळे करता येतात. जुन्या, घसारा पूर्ण झालेल्या मालमत्तेवर चालणारा धंदा कागदावर नेहमीच अधिक कर्तबगार दिसतो. येथे एक सावधगिरी हवी. जागेची आजची किंमत भांडवलात धरली, तर तिचे काल्पनिक भाडे खर्चात धरू नये. दोन्ही धरले तर एकच भार दोनदा पडतो.

तिसरी गोष्ट दिवसाची. पूर्वी व्यापारी घराण्यांच्या वह्या दिवाळीला बदलत. आयकर कायद्याने १९८९पासून सर्वांसाठी ३१ मार्च हा एकच वर्षअखेरीचा दिवस ठरवला. हरसूलच्या दुकानासाठी हा दिवस मोठा सोयीचा ठरतो. भात विकून झालेले असते, सुगीनंतरची वसुली झालेली असते आणि कॅश क्रेडिट उतरलेले असते. दिवाळीनंतर आवक भरात असताना हाच ताळेबंद मांडला, तर चित्र निराळे दिसते. म्हणून एका दिवसाचा आकडा न घेता चार तिमाहींच्या अखेरचे आकडे घ्यावेत. या दुकानात जूनअखेर ३४ लाख, सप्टेंबरअखेर ३३ लाख, डिसेंबरअखेर ५८ लाख आणि मार्चअखेर ३५ लाख गुंतलेले होते. त्यांची सरासरी ४० लाख येते. त्यात जागेच्या वाढीव किमतीचे १० लाख मिळवले की वर्षभर गुंतलेले खरे भांडवल ५० लाख होते.

४ लाखांना ५० लाखांनी भागले की परतावा ८ टक्के. कर्ज सरासरी १० टक्के व्याजाचे आहे. आता थोरल्या बंधूंचा प्रश्न पुन्हा विचारावा. सरासरी ५० लाखांपैकी २३ लाख कर्जाऊ व २७ लाख स्वतःचे. ४ लाखांतून २ लाख ३० हजार व्याज गेले की १ लाख ७० हजार उरतात, म्हणजे स्वतःच्या २७ लाखांवर जेमतेम सव्वासहा टक्के. कर्ज नसते तर ८ टक्के मिळाले असते. कर्जाने मालकाचा परतावा वाढवण्याऐवजी घटवला, कारण दहाने आणलेला पैसा आठने राबला. धंद्याचा एकूण परतावा व्याजदराच्या वर असेल तर कर्ज मालकाला तारते, खाली असेल तर तेच त्याला बुडवते. हे ओळखण्यासाठी नफ्याचा आकडा कामी येत नाही, कारण नफा दोन्ही स्थितींत दिसतच असतो.

बँक कर्ज देते, म्हणजे धंदा त्या कर्जाच्या लायकीचा आहे, असाही एक समज असतो. पी. आर. नायक समितीने १९९२ साली लहान उद्योगांसाठी सोपा ठोकताळा सुचवला. अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरावे, त्यातील ५ टक्के मालकाने घालावेत आणि २० टक्के बँकेने द्यावेत. लहान व्यापाऱ्यांची मर्यादा ठरवतानाही बँका अशीच पद्धत वापरतात. त्या हिशेबाने १ कोटी २० लाखांच्या विक्रीवर २४ लाखांपर्यंत मर्यादा मिळू शकते. परंतु हा ठोकताळा किती पैसा लागेल हे सांगतो, तो पैसा किती कमावेल हे सांगत नाही. तो हिशेब मालकालाच करावा लागतो.

मग ८ टक्क्यांचे करायचे काय? याचे उत्तर शोधण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी रूढ केली. त्यांनी परताव्याचे दोन तुकडे केले. विक्रीच्या प्रत्येक रुपयात नफा किती, हा एक. आणि गुंतलेला पैसा वर्षात विक्रीच्या रूपाने किती वेळा फिरतो, हा दुसरा. या दुकानात विक्रीवर नफा सव्वातीन टक्क्यांहून थोडा अधिक आहे आणि भांडवल वर्षाला २.४ वेळा फिरते. दोहोंचा गुणाकार ८. व्यापाऱ्याचे लक्ष बहुधा पहिल्या तुकड्यावर, म्हणजे टक्क्यावर असते. परंतु किराण्याचा टक्का गावातील स्पर्धा ठरवते. शेजारचा दुकानदार साखर ज्या भावाने देतो, त्याच भावाने ती द्यावी लागते. फिरण्याचा वेग मात्र बराचसा मालकाच्या हाती असतो.

या दुकानात तो वेग कोठे अडतो? सर्वप्रथम उधारीत. वर्षाच्या विक्रीपैकी ४८ लाखांची विक्री उधारीची आहे आणि १६ लाख येणे आहे, म्हणजे सरासरी चार महिन्यांची उधारी. खतावणीतील नावे तारखेप्रमाणे लावली तर यात दोन प्रकार दिसतात. पाड्यांवरील शेतकऱ्यांची उधारी पावसाळ्यात चढते आणि सुगीनंतर किंवा बागेच्या कामावरून परतल्यावर उतरते. ती या गावाच्या ऋतुचक्राचा भाग आहे, तिला हात लावला तर गिऱ्हाईक तुटेल. दुसरी उधारी आसपासच्या लहान दुकानदारांची. त्यांच्या हाती रोज रोकड येते, तरी ते सहा-सहा महिने रक्कम पुढे ढकलतात. ही दुसरी उधारी आटोक्यात आणून एकूण येणे ८ लाखांवर आले, तर भांडवल ५० वरून ४२ लाखांवर येते आणि परतावा साडेनऊ टक्के होतो. सुटलेल्या ८ लाखांनी कर्ज फेडले तर व्याजाचे वर्षाला ८० हजार वाचतील. ते या मापात दिसणार नाहीत, कारण येथे नफा व्याजापूर्वीचा घेतला आहे. ते मालकाच्या हाती पडतील.

नंतर मालात. कोठारातील १४ लाखांपैकी ३ लाखांचा माल वर्षभर हललेला नाही. त्यात न खपलेली भांडी, जुन्या छापाची कापडे आणि घाऊक व्यापाऱ्याच्या योजनेपायी घेतलेल्या पेट्या आहेत. तो पडेल भावाने काढला तर त्या एका वर्षी तोटा दिसेल, पण पुढील प्रत्येक वर्षी भांडवल ३ लाखांनी हलके होईल. परतावा सव्वादहा टक्के, म्हणजे प्रथमच व्याजदराच्या वर. त्यानंतर गाडी. नाशिकहून माल आणण्यासाठी ती आठवड्यात दोनच दिवस निघते. उरलेल्या दिवशी इतरांचा माल भाड्याने वाहून वर्षाला निव्वळ ६० हजार मिळाले, तर नफा ४ लाख ६० हजार, भांडवल ३९ लाख आणि परतावा पावणेबारा टक्क्यांच्या वर जातो. या सर्वांत विक्री वाढलेली नाही आणि नवे कर्जही घेतलेले नाही.

आता गोदामाचा प्रस्ताव. येथे दुकानाचा सरासरी परतावा उपयोगी पडत नाही. नव्याने घातलेला पैसा स्वतः किती कमावेल, एवढेच पाहायचे. समजा, दिवाळीनंतर ५०० क्विंटल भात २,४०० रुपये भावाने घेतले आणि सहा महिने ठेवून २,७५० ने विकले. क्विंटलमागे ३५० रुपये मिळाले असे वाटते. परंतु नव्या भातात ओलावा असतो. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि भात सुरक्षित ठेवायचे तर तो १४ टक्क्यांवर आणावा लागतो. एवढ्या सुकतीने शंभर किलोचे साडेशहाण्णव किलो होतात. म्हणून ५०० क्विंटल घेतलेले भात विकताना चारशेऐंशीच्या वर जेमतेम अडीच क्विंटल, म्हणजे ४८२.५ क्विंटल भरते. त्याचे १३ लाख २७ हजार रुपये येतात. १२ लाखांची खरेदी आणि बारदान, हमाली, कीडनाशक धुरी यांचे ३० हजार वजा जाता सुमारे ९७ हजार उरतात.

हे ९७ हजार कोणत्या पैशावर मिळाले? १२ लाख ३० हजार सहा महिने अडकले, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ६ लाख १५ हजार. त्यात गोदामाचे २० लाख मिळवले की २६ लाखांहून अधिक होतात. परतावा ३.७ टक्के, आणि त्यातून दुरुस्ती, विमा व घसारा अजून काढलेला नाही. गोदाम चौपट भरले, २,००० क्विंटल ठेवले आणि भावही तेच राहिले, तरी परतावा पावणेनऊ टक्क्यांना पोहोचत नाही. गोदाम सहा महिने भरलेले असते आणि उरलेले सहा महिने रिकामे असते, परंतु व्याज बारा महिने चालू राहते. याउलट सहा महिन्यांसाठी महिना ४,००० रुपये भाड्याने कोठार घेतले, तर ९७ हजारांतून २४ हजार जाऊन ७३ हजार उरतात, आणि ते ६ लाख १५ हजारांवर सुमारे १२ टक्के होतात. तेच भात, तोच भाव; फरक फक्त गुंतलेल्या पैशाचा.

अर्थात ते १२ टक्केही निश्चित नाहीत. विक्रीचा भाव २,७५० ऐवजी २,६०० मिळाला, तर ९७ हजारांच्या जागी साडेचोवीस हजार उरतात आणि ते भाड्यातच संपतात. दीडशे रुपयांच्या फरकाने सहा महिन्यांचे कष्ट शून्यावर येतात. परतावा काढण्याचे माप असा धोका दाखवत नाही, म्हणून प्रत्येक प्रस्ताव किमान दोन भावांनी मांडून पाहावा. या मापाला आणखीही एक मर्यादा आहे. ते वाढवण्याच्या हव्यासाने आवश्यक मालही कमी ठेवला, तर पहिल्या वर्षी आकडा सुधारतो आणि दुसऱ्या वर्षी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने शेजारच्या दुकानात जाते. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून निर्णय न करता तीन-चार वर्षांचा क्रम पाहावा, आणि आकडा का हलला हे टक्का व फेर या दोन तुकड्यांत शोधावे.

या हिशेबानंतर दोघा बंधूंपुढील मार्ग स्पष्ट होतो. गोदाम बांधू नये आणि घर तारण ठेवू नये. पहिल्या वर्षी लहान दुकानदारांची उधारी उतरवावी, पडून राहिलेला माल काढावा आणि सुटलेल्या पैशाने कॅश क्रेडिट कमी करावे. भाताचा व्यवहार करायचाच असेल, तर भाड्याच्या कोठारात ५०० क्विंटलांनी सुरुवात करावी व आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळा वजन व ओलावा लिहून ठेवावा. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी शिल्लक माल, उधारी, रोख व बँकेतील शिल्लक आणि देणे या चार आकड्यांची नोंद वहीच्या एका पानावर करावी. अशा चार नोंदी झाल्या की पुढील वर्षीचे गुंतलेले भांडवल आपोआप हाती येईल, आणि गोदामाचा प्रश्न पुन्हा निघाला तर त्याचे उत्तर त्या पानावरूनच देता येईल.